गुणसूत्रे मोजायची कशी? कांद्याचे मूळ, कांद्याचे फूल आणि केळी

प्रश्न: "क्लासच्या हँडआउटमध्ये मायटॉसिस आणि मायोसिसचा तक्ता दिलाय. टप्पे, गुणसूत्रांची संख्या, उद्देश असे रकाने आहेत. तक्ता तोंडपाठ आहे, पण 'अ‍ॅनाफेजमध्ये गुणसूत्रे किती' असं आलं की हमखास चुकतं. मायटॉसिसला दुप्पट, मायोसिस-१ ला तेवढीच, मायोसिस-२ ला परत वेगळीच. आणि मायोसिस-२ 'मायटॉसिससारखंच' असेल तर ते वेगळं का शिकायचं? ओळन् ओळ पाठ करण्याशिवाय काही मार्ग?"

उत्तर:

मार्ग आहे. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते आणि प्रॅक्टिकलला कांद्याच्या मुळांच्या स्लाइड करून घेते. माझ्या अनुभवात या धड्यात मुलं अडतात ती टप्प्यांच्या नावांवर नाही. ती अडतात 'संख्या' या एका रकान्यावर. त्या रकान्यात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात: गुणसूत्रे किती आणि डीएनए किती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दुप्पट होत नाहीत आणि एकाच वेळी निम्म्याही होत नाहीत. सगळा घोळ तिथे आहे.

आधी मोजायचा नियम ठरवून घेऊ. गुणसूत्र मोजायचं ते सेंट्रोमिअरवर. सेंट्रोमिअर एक, तर गुणसूत्र एक, मग त्याला एक क्रोमॅटिड असो की दोन. विभाजनाआधी, एस-टप्प्यात, प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते, पण ती नक्कल मूळ धाग्याला चिकटूनच राहते. सातबाऱ्याचा उतारा आणि त्याची झेरॉक्स एकाच टाचणीत असली तर आपण कागद दोन म्हणू, पण नत्थी एकच म्हणू, तसंच हे. टाचणी निघाली की नत्थ्या दोन. म्हणून एस-टप्प्यानंतर डीएनए दुप्पट झालेला असतो आणि गुणसूत्रसंख्या मात्र जागची हललेली नसते. ती दुप्पट होते ती क्रोमॅटिड एकमेकांपासून सुटतात त्या क्षणी, म्हणजे अ‍ॅनाफेजमध्ये. त्याआधी नाही.

आणखी एक फरक इथेच पक्का करा. एका गुणसूत्राचे दोन क्रोमॅटिड म्हणजे मूळ प्रत आणि तिची नक्कल. समजात गुणसूत्रांची जोडी म्हणजे एक आईकडून आलेलं आणि एक वडिलांकडून आलेलं. त्यांवरची जनुकं तीच आणि त्याच क्रमाने, पण मजकूर थोडा वेगळा असू शकतो. मायटॉसिसमध्ये सुटतात ते क्रोमॅटिड. मायोसिस-१ मध्ये सुटते ती जोडी. मायोसिस-२ मध्ये पुन्हा क्रोमॅटिड. कुठल्या वेळी काय सुटतं एवढं लक्षात असेल तर संख्येचा रकाना झाकून ठेवलात तरी भरता येतो. आता हे एकाच झाडावर करून पाहू.

कांदा घ्या. कांद्यात 2n = 16, म्हणजे आठ जोड्या. भांड्याच्या तोंडावर कांदा असा ठेवायचा की त्याचं बूड पाण्याला जेमतेम टेकेल. दोन-चार दिवसांत मुळं फुटतात. सकाळी मुळांची टोकं कापून अल्कोहोल आणि ग्लेशिअल अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या तीनास एक मिश्रणात टाकायची. दुसऱ्या दिवशी सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये थोडी गरम करून मऊ करायची, अ‍ॅसिटोकार्मिनने रंगवायची, शेवटचा एक-दोन मिलिमीटरचा गडद भाग तेवढा ठेवायचा आणि कव्हरस्लिपवर टिपकागद ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. अंगठा घसरला की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड वाया जाते.

सूक्ष्मदर्शकात पहिल्यांदा निराशा होते, कारण बहुतेक पेशी नुसत्या गोल केंद्रकाच्या दिसतात. त्या इंटरफेजमधल्या. विभाजन चाललेल्या पेशी त्या मानाने थोड्या, त्यात प्रोफेजच्या जास्त. अ‍ॅनाफेज शोधावी लागते, कारण हा टप्पा फार लवकर उरकतो. हँडआउटमध्ये चारही टप्प्यांना सारख्या उंचीच्या ओळी असतात, त्यामुळे पेशी प्रत्येक टप्प्यात सारखाच वेळ घालवते असा समज होतो. स्लाइड पाहिली की तो जातो.

या मुळातल्या एका पेशीचा हिशोब लावू. एस-टप्प्याआधी १६ गुणसूत्रे, प्रत्येकाला एकच क्रोमॅटिड. एस-टप्प्यानंतरही १६ गुणसूत्रे, पण क्रोमॅटिड ३२. मेटाफेजमध्ये ही १६ गुणसूत्रे मधल्या पट्ट्यात येतात, एकेकटी. आपली जोडीदार कुठे आहे याच्याशी कुणालाच देणंघेणं नसतं. जोडी क्रमांक एकमधली दोन गुणसूत्रे पट्ट्याच्या दोन टोकांना असली तरी काही बिघडत नाही. प्रत्येक गुणसूत्राच्या एका क्रोमॅटिडला एका ध्रुवाचे तंतू धरतात, दुसऱ्याला समोरच्या ध्रुवाचे. अ‍ॅनाफेज सुरू होते, सेंट्रोमिअर सुटतात आणि त्या क्षणी पेशीत ३२ गुणसूत्रे असतात. १६ वर, १६ खाली. टेलोफेजमध्ये दोन केंद्रकं, प्रत्येकी १६. तुमच्या तक्त्यात 'दुप्पट' लिहिलंय ते ३२ म्हणजे संपूर्ण पेशीतली, दोन्ही ध्रुवांची मिळून संख्या. प्रश्नात 'प्रत्येक ध्रुवाकडे' असा शब्द असेल तर उत्तर १६. हे खरंच प्रश्नाच्या शब्दांवर अवलंबून आहे, आणि गुण इथे जातात.

आता त्याच कांद्याचं फूल. मळ्यात डेंगळे आले की शेतकऱ्याचा जीव जळतो, आमची मात्र सोय होते. गोंड्यात वेगवेगळ्या वयाच्या कळ्या एकत्र असतात, त्यामुळे एकाच गोंड्यात मायोसिसचे बरेच टप्पे सापडतात. कळी लहानच हवी, आतले परागकोश अजून फिकट असतानाची. परागकोश पिवळे झाले असतील तर उशीर झाला; मायोसिस संपून पराग तयार झालेले असतात.

परागकोशातल्या ज्या पेशींपासून पराग होतात, त्यातही सुरुवात तशीच: १६ गुणसूत्रे, एस-टप्पा, ३२ क्रोमॅटिड. इथपर्यंत मुळाची पेशी आणि फुलाची पेशी यांच्या हिशोबात काडीचा फरक नाही. फरक पडतो तो प्रोफेज-१ मध्ये. इथे जोडीदार गुणसूत्रे एकमेकांना शोधतात, लांबीच्या लांबी शेजारी येऊन जुळतात आणि त्यांचे क्रोमॅटिड ठिकठिकाणी तुटून तुकड्यांची अदलाबदल करतात. लेप्टोटीन, झायगोटीन, पॅकिटीन, डिप्लोटीन, डायकायनेसिस ही पाच नावं पाठ करताना जीव मेटाकुटीला येतो, पण त्यांत गोष्ट एकच आहे. झायगोटीनला जुळायला लागतात, पॅकिटीनला जुळून अदलाबदल होते, डिप्लोटीनला जोडी सैल होते आणि जिथे अदलाबदल झाली तिथे फुलीसारखी गाठ दिसते. त्या गाठीला काय‍अ‍ॅझ्मा म्हणतात. लेप्टोटीन म्हणजे तयारी आणि डायकायनेसिस म्हणजे आवराआवर.

ही गाठ बहुतेक हँडआउटमध्ये फक्त 'विविधता' या शब्दाखाली टाकलेली असते. तिचं दुसरं काम जास्त निकडीचं आहे, आणि टप्प्यांची संगती त्यावरूनच लागते. मेटाफेज-१ मध्ये जोडी मधल्या पट्ट्यावर आली की एका गुणसूत्राला वरचे तंतू ओढतात, दुसऱ्याला खालचे. जोडीला एकत्र धरून ठेवतं कोण? तीच गाठ. गाठीपलीकडचे क्रोमॅटिडचे भाग एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून दोन्हीकडून ओढ बसली तरी जोडी लगेच सुटत नाही आणि नीट ताणली जाते. हा ताण बसला म्हणजे दोघं दोन दिशांना बांधले गेलेत. गाठच पडली नाही तर दोन्ही गुणसूत्रे मोकळी भटकतात आणि कधी कधी दोघंही एकाच ध्रुवाकडे जातात. (निसर्गात अपवाद असतातच. फळमाशीच्या नरात अदलाबदल होत नाही आणि तरीही त्याच्या जोड्या व्यवस्थित सुटतात. त्याने वेगळी युक्ती शोधलीय. ती तुमच्या परीक्षेला नाही.)

तर मेटाफेज-१ ला कांद्याच्या पेशीत दिसतात आठ जोड्या. स्लाइडवर त्या कड्यांसारख्या किंवा फुलीसारख्या दिसतात. मुळाच्या पेशीत १६ सुटी गुणसूत्रे होती, इथे आठ जोड्या, गुणसूत्रे तीच १६. अ‍ॅनाफेज-१ मध्ये जोड्या सुटतात: आठ गुणसूत्रे वर, आठ खाली. सेंट्रोमिअर सुटलेलेच नाहीत, म्हणून पेशीतली एकूण संख्या १६ राहते. तुमच्या तक्त्यातलं 'तेवढीच' इथून आलं. दोन क्रोमॅटिडना एकमेकांना चिकटवून ठेवणारा एक प्रथिनांचा डिंक असतो; त्यातला सेंट्रोमिअरजवळचा डिंक या वेळी विरघळू नये म्हणून पेशीत शुगोशिन नावाचं एक प्रथिन त्याची राखण करत असतं. क्रोमॅटिडच्या हातांवरचा डिंक जातो, म्हणून गाठी सुटतात. मधला डिंक राहतो, म्हणून क्रोमॅटिड एकत्र राहतात.

मायोसिस-१ संपताना दोन पेशी होतात, प्रत्येकीत आठ गुणसूत्रे. संख्या निम्मी झाली. पण थांबा, प्रत्येक गुणसूत्राला अजून दोन क्रोमॅटिड आहेत, म्हणजे पेशीत १६ क्रोमॅटिड. एस-टप्प्याआधीच्या डीएनएला 2C म्हणतात. एस-टप्प्यानंतर तो 4C झाला होता आणि मायोसिस-१ नंतर तो परत 2C वर आला. गुणसूत्रे n, डीएनए 2C. हँडआउटच्या एकाच 'संख्या' रकान्यात हे बसत नाही, म्हणून मी मुलांना तिथे दुसरा रकाना आखायला लावते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच ओळीत आहे. प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती अजून चिकटलेल्या आहेत आणि परागाला हवी आहे एकच. मायोसिस-२ त्यासाठी. त्याआधी एस-टप्पा होत नाही. झाला तर सगळा खटाटोप वाया जाईल. मेटाफेज-२ ला आठ गुणसूत्रे एकेकटी रांगेत, अ‍ॅनाफेज-२ ला सेंट्रोमिअर सुटतात, प्रत्येक पेशीत १६ गुणसूत्रे होतात, आठ वर आणि आठ खाली. शेवटी चार पेशी, प्रत्येकीत आठ गुणसूत्रे, डीएनए 1C.

'मायटॉसिससारखं' हे हालचालीपुरतं बरोबर आहे: दोन्हीकडे क्रोमॅटिड सुटतात. पण मायटॉसिसमध्ये सुटणारे दोन क्रोमॅटिड हुबेहूब असतात. मायोसिस-२ मध्ये सुटणारे दोन क्रोमॅटिड प्रोफेज-१ च्या अदलाबदलीमुळे बहुधा वेगळे झालेले असतात. म्हणून मायटॉसिसमधून झालेल्या दोन पेशी सारख्या आणि मायोसिस-२ मधून झालेल्या दोन पेशी वेगळ्या.

आता थोडी उलट तपासणी करू. एखादी जोडी सुटलीच नाही तर काय होईल? हे ज्याला सोडवता येतं त्याला धडा समजलाय असं मी धरते. कांद्यात मायोसिस-१ ला एक जोडी अख्खीच्या अख्खी एका ध्रुवाकडे गेली, तर एका पेशीत नऊ आणि दुसरीत सात गुणसूत्रे. मायोसिस-२ पुढे व्यवस्थित झालं तरी चार पराग होतील ते नऊ, नऊ, सात, सात असे. चारही बिघडलेले. याउलट मायोसिस-१ नीट झालं आणि मायोसिस-२ ला एकाच पेशीत एका गुणसूत्राचे क्रोमॅटिड सुटले नाहीत, तर आठ, आठ, नऊ, सात. दोन चांगले, दोन बिघडलेले. शिवाय पहिल्या प्रकारात नऊ गुणसूत्रांच्या परागात त्या जोडीतली दोन्ही, म्हणजे आईकडचं आणि वडिलांकडचं, आलेली असतात. दुसऱ्या प्रकारात एकाच गुणसूत्राच्या दोन प्रती येतात.

माणसात डाउन सिंड्रोम हे याचंच उदाहरण: २१ क्रमांकाचं गुणसूत्र दोनाऐवजी तीन, एकूण ४७. बहुतेक वेळा ही चूक आईच्या अंडपेशीत झालेली असते आणि त्यातही मायोसिस-१ मध्ये जास्त. स्त्रीच्या अंडपेशी ती जन्माला येण्याआधीच प्रोफेज-१ मध्ये शिरून डिप्लोटीनला थबकतात. त्या तिथेच थांबतात, आणि एखादी पुढे सरकते ती थेट अंडमोचनाच्या वेळी, म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षी, नाही तर चाळिसाव्या. तोवर जोडीला धरून ठेवायचं काम त्या गाठीचं आणि त्या डिंकाचं. आईचं वय वाढतं तसा धोका का वाढतो, याचं मोठं कारण हा डिंक झिजणं हेच मानतात. मायोसिस-२ तर शुक्राणू आत शिरल्याशिवाय पूर्णही होत नाही. 'प्रोफेज-१ दीर्घकाळ चालते' एवढीच ओळ तक्त्यात असते, पण माणसात ती चाळीस वर्षंही चालू शकते.

उरला उद्देशाचा रकाना. तिथे लिहिलेलं असतं: मायटॉसिस वाढीसाठी आणि झीज भरून काढण्यासाठी, मायोसिस युग्मक तयार करण्यासाठी. चूक नाही, पण यातून कळत काहीच नाही. मला यासाठी केळी सगळ्यात उपयोगी वाटतात.

जळगावकडे लावतात ती ग्रँड नैन केळी त्रिगुणी आहेत. रानटी केळ्यात २२ गुणसूत्रे, म्हणजे ११ च्या दोन संचांची. आपल्या या केळीत ११ चे तीन संच, एकूण ३३. आता वरचा हिशोब इथे लावून बघा. मायटॉसिसला ३३ चं काही वाटत नाही. ३३ गुणसूत्रे मधल्या पट्ट्यात येतात, ६६ होतात, ३३-३३ वाटली जातात. प्रत्येक गुणसूत्र एकेकटं येतं, मग संच दोन असोत की तीन, तिला काय? म्हणून केळीचं खोड वाढतं, पानं फुटतात, कंदाला मुनवे येतात आणि मुनवा लावला की पुन्हा ३३ चीच केळ. टिश्यू कल्चरची रोपं हाही मायटॉसिसचाच पसारा.

मायोसिसला मात्र जोडी लागते. तीन समजात गुणसूत्रे एकत्र आली की जुळायचं कुणाशी कुणी? कधी तिघं एकत्र गुंततात, कधी दोघं जुळतात आणि तिसरं एकटं राहतं. अ‍ॅनाफेज-१ ला अकराच्या अकरा गटांत हा घोळ होतो. एका ध्रुवाकडे चौदा तर दुसरीकडे एकोणीस, अशी काहीतरी वाटणी होते. ११ किंवा २२ असा नेमका पूर्ण संच मिळण्याची शक्यता अगदी थोडी, म्हणून चालतील असे युग्मक जवळजवळ होतच नाहीत आणि बी धरत नाही. या जातींत परागीभवनाशिवाय फळ धरतं, हा वेगळा गुण आहे. त्यामुळे आपल्याला बिनबियांचं केळं मिळतं. कापल्यावर मध्ये दिसणारे काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजांडं.

या एका झाडात दोन्ही विभाजनांचे उद्देश दिसतात. मायटॉसिस जे असेल ते जसंच्या तसं पुढे देते, संख्या आठ असो, सोळा असो की तेहेतीस. (आठ म्हणण्याचं कारण: कांद्याचा पराग स्वतः एकगुणी असूनही परागकोशातच मायटॉसिसने विभागतो. 'मायटॉसिस फक्त द्विगुणी पेशीत होते' असं हँडआउटमध्ये असेल तर ते खोडा.) मायोसिस मात्र प्रत्येक जोडीतलं नेमकं एक उचलून देते. फलनात दोन बाजूंचे दोन संच एकत्र येतात तेव्हा संख्या दर पिढीला दुप्पट होत जाऊ नये, म्हणून ही निम्मी करण्याची पायरी लागते. निम्मं करायचं तर जोड्या आधी लावाव्याच लागतात. जोडी लावणं ही मायोसिसची खरी ओळख आहे, संख्या निम्मी होणं हा तिचा परिणाम.

विविधतेचंही इथेच आटपू. अदलाबदल बाजूला ठेवली तरी कांद्याच्या आठ जोड्यांत कुठलं गुणसूत्र कुठल्या ध्रुवाकडे जाईल याच्या 2⁸ म्हणजे २५६ तऱ्हा होतात. माणसात 2²³, म्हणजे ८३ लाख ८८ हजार ६०८. केळीच्या मुनव्यात तऱ्हा एकच. म्हणून एका बुरशीला एक झाड मानवलं की अख्खी बाग मानवते. विसाव्या शतकाच्या मध्यात पनामा रोगाने ग्रो मिशेल ही व्यापारी जात अशीच बाजारातून हद्दपार झाली आणि कॅव्हेंडिश गटातल्या जाती आल्या. ग्रँड नैन त्यांतलीच एक.

तक्त्याबद्दल दोन सूचना. 'मायोसिसमधून चार युग्मक' ही ओळ परागासाठी आणि शुक्राणूसाठी ठीक आहे. मादीच्या बाजूला सहसा एकच उपयोगी पेशी मिळते. माणसात एक अंडपेशी आणि बाकीचे छोटे ध्रुवीय पिंड. दुसरं, वनस्पतींत मायोसिसमधून थेट युग्मक होत नाहीत. कांद्यात पराग होतो आणि त्यात पुढे मायटॉसिसने नरयुग्मक तयार होतात. तुमच्या परीक्षेत 'युग्मक निर्मिती' एवढंच लिहिलं तर गुण मिळतील, पण वनस्पतीवर प्रश्न आला तर हा फरक विचारतात.

आकृती ओळखायला आली तर मी आधी मेटाफेज पाहायला सांगते: गुणसूत्रे जोडीने आहेत का? असतील तर मेटाफेज-१, विषय संपला. जोडीने नसतील तर मोजायचं: 2n असतील तर मायटॉसिस, n असतील आणि शेजारी तशीच दुसरी पेशी असेल तर मेटाफेज-२. अ‍ॅनाफेजमध्ये ध्रुवाकडे चाललेल्या गुणसूत्राचा आकार पाहायचा. दोन क्रोमॅटिड फाकलेले, म्हणजे एका गुणसूत्राला चार शेपट्या दिसल्या तर अ‍ॅनाफेज-१. साधा इंग्रजी V दिसला तर मायटॉसिस किंवा अ‍ॅनाफेज-२, आणि मग पुन्हा मोजणी. कांद्याच्या कळीत अ‍ॅनाफेज-२ बहुधा शेजारशेजारच्या दोन पेशींत एकाच वेळी चाललेली दिसते, त्यामुळे ती लगेच ओळखू येते.

आता हे वाचून झाल्यावर तक्ता मिटून भातावर करून बघा. भातात 2n = 24. मुळाच्या पेशीत मेटाफेजला २४, अ‍ॅनाफेजला एकूण ४८. परागकोशात मेटाफेज-१ ला १२ जोड्या, अ‍ॅनाफेज-१ ला एकूण २४ आणि प्रत्येक ध्रुवाकडे १२. मेटाफेज-२ ला प्रत्येक पेशीत १२, अ‍ॅनाफेज-२ ला प्रत्येक पेशीत २४, परागात १२. आणि एक जरा खट्याळ प्रश्न, जो खरंच विचारतात: तांदळाच्या दाण्यातल्या भ्रूणपोषाची पेशी विभागत असताना अ‍ॅनाफेजला किती? भ्रूणपोष त्रिगुणी, म्हणजे ३६; मायटॉसिसच चाललीय, सेंट्रोमिअर सुटले, तर ७२. प्रत्येक ध्रुवाकडे ३६.